वाढ-हिस्सा तक्त्यावरून पाच उत्पादनांचा निर्णय : बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्याच्या प्रकल्प नोंदी

7 जुलै 2025

आजपासून पाचही उत्पादनांचा एकत्र अभ्यास सुरू केला. आपला कारखाना मुळात फौंड्री आहे आणि बाकीचे सगळे तिच्याभोवती वाढलेले आहे. बेळगाव, कोल्हापूर आणि सांगली या पट्ट्यातील साखर कारखान्यांना लागणारे मिलचे सुटे भाग, हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी, स्वतःच्या छापाचे शेतीपंप, इचलकरंजीच्या यंत्रमागांची कास्टिंग आणि नगरपालिकांची मॅनहोल झाकणे, अशी ही पाच कामे आहेत. गेल्या आर्थिक वर्षाची विक्री अनुक्रमे 9 कोटी, 6 कोटी, 8 कोटी, 5 कोटी आणि 1.6 कोटी रुपये होती. पाचही खाती दरवर्षी नव्या भांडवलाची मागणी करतात आणि थोरले मालक आण्णा प्रत्येकाला थोडे थोडे देतात. ही पद्धत या वर्षी थांबवायची, असे धाकट्या मालकांनी ठरवले आहे आणि त्यासाठी वाढ-हिस्सा तक्ता मांडण्याचे काम माझ्याकडे दिले आहे.

हा तक्ता बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ब्रूस हेंडरसन यांनी 1970 मध्ये मांडला. उभ्या अक्षावर बाजाराच्या वाढीचा वार्षिक दर असतो. आडव्या अक्षावर सापेक्ष हिस्सा असतो, म्हणजे आपली विक्री भागिले सर्वांत मोठ्या स्पर्धकाची विक्री. आडवा अक्ष लॉग प्रमाणात काढतात आणि मोठा हिस्सा डावीकडे ठेवतात. वाढीची रेघ प्रथेने 10 टक्क्यांवर असते आणि हिस्स्याची रेघ 1 वर. वाढ जास्त, हिस्सा जास्त तो तारा. वाढ कमी, हिस्सा जास्त ती दुभती गाय. वाढ जास्त पण हिस्सा कमी ते प्रश्नचिन्ह. आणि दोन्ही कमी तो डॉग. वाढणाऱ्या बाजारात टिकायचे तर यंत्रे, साठा आणि उधारी यांत रोकड घालावी लागते, आणि ज्याचा हिस्सा मोठा त्याचा उत्पादनखर्च कमी असल्यामुळे त्याच्या हाती रोकड उरते, हे या मांडणीमागचे तर्कशास्त्र आहे. त्यामुळे तक्ता वाचताना नफ्याकडे न पाहता रोकड कुठून येते आणि कुठे जाते हे पाहायचे, एवढे मी पहिल्याच पानावर लिहून ठेवले.

11 जुलै 2025

पहिला कच्चा तक्ता तयार झाला. मिलच्या सुट्या भागांत आपल्यानंतरचा मोठा पुरवठादार साधारण 6 कोटींचा आहे, त्यामुळे सापेक्ष हिस्सा 1.5 आला; वाढ 3 टक्के. ही दुभती गाय. व्हॉल्व्ह बॉडीत आपले 6 कोटी आणि पहिल्या क्रमांकाच्या कारखान्याचे 12 कोटी, म्हणून 0.5, वाढ 14 टक्के. हे प्रश्नचिन्ह. यंत्रमागाच्या कास्टिंगमध्ये 0.6 आणि बाजार दरसाल आकसतो आहे, म्हणजे सरळ डॉग. झाकणांचेही तेच. पंपाच्या वर्तुळाची जागा मात्र पक्की होईना, कारण बाजार म्हणजे नेमका किती मुलूख हे कोणालाच सांगता आले नाही. हे सगळे आकडे विक्री प्रतिनिधी, डीलर आणि कच्चा माल पुरवणारे व्यापारी यांच्याकडून जुळवलेले आहेत. पाच-दहा टक्क्यांचा फरक त्यांत सहज असू शकतो, म्हणून रेघेच्या अगदी जवळ येणाऱ्या वर्तुळावर एकदम निकाल द्यायचा नाही.

धाकट्या मालकांनी कागद पाहिला आणि लगेच विचारले, "म्हणजे यंत्रमाग आणि झाकणे बंद, आणि ते पैसे व्हॉल्व्हला द्यायचे?" कागद तसेच सांगतो आहे हे खरे. पण हा कागद पाच स्वतंत्र व्यवसायांचा असल्यासारखा काढलेला आहे आणि आपली पाचही कामे एकाच भट्टीतून निघतात. ही गोष्ट मोजल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये, असे मी सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले.

18 जुलै 2025

वाढीचा दर तपासला. व्हॉल्व्ह बॉडीच्या बाजाराची 14 टक्के वाढ रुपयांत मोजलेली होती. त्याच काळात भंगार आणि पिग आयर्न महागल्याने बॉडीचा दर सुमारे 5 टक्के वाढला होता. 1.14 ला 1.05 ने भागले की नगांमधील वाढ सुमारे 8.6 टक्के येते आणि वर्तुळ 10 टक्क्यांच्या रेघेखाली उतरते. प्रश्नचिन्हाचा एका भागाकारात डॉग होतो.

यावर एक दिवस विचार केल्यावर असे वाटले की, अडचण भागाकारापेक्षा रेघेची आहे. 10 टक्के हा आकडा हेंडरसन यांच्या काळाच्या आणि त्यांच्या देशाच्या संदर्भातील सोय आहे. क्षमता वाढवावी लागते ती नगांसाठी आणि टनांसाठी. दरवाढीमुळे उधारी आणि साठ्यात पैसा अधिक अडकतो, पण त्यासाठी नवी कोअर मशीन लागत नाही. म्हणून सगळ्या उत्पादनांची वाढ नगांत किंवा टनांत मोजायची आणि रेघ आपल्या पाचही बाजारांच्या भारित सरासरीच्या थोडी वर, म्हणजे 5 टक्क्यांवर काढायची, असे ठरवले. या मापाने व्हॉल्व्ह बॉडी वरच्या अर्ध्यात राहते, मिलचे भाग शून्याच्या जवळ येतात आणि यंत्रमाग उणे जातो. रेघ कुठे आणि का काढली हे तक्त्याच्या खालीच लिहिले आहे, म्हणजे पुढच्या वर्षी कोणी सोयीने ती सरकवणार नाही.

मिलच्या भागांबद्दल एक शंका धाकट्या मालकांनी काढली, की इथेनॉलमुळे साखर कारखाने वाढत आहेत, तर ही गाय तारा होणार नाही का? तसे दिसत नाही. इथेनॉलमुळे डिस्टिलरीची यंत्रे वाढतात. आपण देतो ती ट्रॅश प्लेट, स्क्रेपर आणि रोलरचे शेल मात्र किती टन ऊस गाळला यावरच झिजतात. रसाचे पुढे काय केले याने त्यांची झीज बदलत नाही. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने घातली, तेव्हा डिस्टिलरीच्या पुरवठादारांची घालमेल झाली, पण आपल्या ऑर्डरी ऊस किती उभा आहे यावरच चालल्या.

25 जुलै 2025

आजचा सबंध दिवस पॅटर्न शॉपमध्ये आणि मशीन शॉपमध्ये काढला. हिस्सा मोठा असला की खर्च खरोखर कमी होतो का, हे प्रत्येक उत्पादनासाठी वेगळे पाहायचे होते. हेंडरसन यांच्या संस्थेने मांडलेला अनुभव-वक्र असे सांगतो की, आजवरचे एकूण उत्पादन दुप्पट झाले की नगामागचा खर्च 20 ते 30 टक्क्यांनी उतरतो. सगळ्या तक्त्याचा आडवा अक्ष या एका विधानावर उभा आहे. ज्या कामात हे लागू नाही, तिथे सापेक्ष हिस्स्याचा आकडा पोकळ ठरतो.

मिलच्या भागांत आपला अनुभव लाकडाच्या रूपाने मांडणीवर ठेवलेला आहे. चिकोडी, अथणी आणि पलीकडे कागल, शिरोळपर्यंतच्या कारखान्यांच्या मिलचे पॅटर्न, म्हणजे साचा करण्याचे लाकडी नमुने, आपल्याकडे आहेत, प्रत्येकावर मिलचा नंबर आणि शेवटची दुरुस्ती खडूने लिहिलेली आहे. एप्रिलमध्ये गळीत हंगाम संपला की कारखान्याचा इंजिनिअर फोनवर फक्त नंबर सांगतो. नव्या पुरवठादाराला तोच भाग देण्यासाठी आधी माप घेऊन पॅटर्न करावा लागतो. इथे 1.5 हा आकडा खरा आहे.

व्हॉल्व्ह बॉडीत तो अनुभव तपासणीच्या टेबलावर दिसतो. बॉडीच्या आत तेलाचे मार्ग कोअरने, म्हणजे साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्याने घडतात. कोअरमधला वायू बाहेर पडायला वाट नसेल, तर तो धातूत शिरतो आणि दोन मार्गांमधल्या भिंतीत बारीक छिद्रे राहतात. कास्टिंग बाहेरून स्वच्छ दिसते. ते मशीनवर चढते, बोअर होते, होनिंग होते आणि शेवटी दाबाखाली तपासताना तेलाचा एक थेंब भिंतीवर उमटतो. त्या क्षणी धातूबरोबर मशीनिंगची सगळी मजुरीही वाया जाते. फौंड्रीचे फोरमन, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी तशी एक बॉडी मधोमध कापून मला दाखवली. कापलेल्या तोंडावर टाचणीच्या टोकाएवढी तीन छिद्रे ओळीने होती आणि त्यांची ओळ सरळ कोअरच्या जोडाकडे जात होती. "जोड इथे घेतला नसता, तर ही वाचली असती," एवढेच ते म्हणाले आणि नव्या कोअर बॉक्समध्ये वायूची वाट कुठून काढली आहे ते दाखवले.

नोंदवही काढून हिशेब केला. एकूण उत्पादन 40 हजारांवरून 80 हजार बॉडीपर्यंत गेले, त्या काळात मशीनिंगनंतरची नापास बॉडी 11 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आली आणि धातूचा दर स्थिर धरला, तर चांगल्या नगामागचा खर्च 640 रुपयांवरून 540 वर आला. ही घट सुमारे 16 टक्के आहे. पुस्तकातल्या वक्रापेक्षा ती कमी असली, तरी वक्र आहे आणि त्याचे कारण हातात धरून दाखवता येते. यंत्रमागाच्या फ्रेम आणि गिअरमध्ये मात्र असे काही सापडले नाही. ते काम साध्या हिरव्या वाळूत होते आणि परिसरातील कोणतीही फौंड्री ते जवळपास आपल्याच खर्चात करते. तिथे 0.6 चा 1.2 झाला असता, तरी रोकड वाढली नसती.

4 ऑगस्ट 2025

पंपाच्या बाजाराची हद्द ठरवण्याचा प्रश्न आज सोडवला. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी एवढाच बाजार धरला, तर आपला सापेक्ष हिस्सा 1.25 येतो आणि पंप दुभती गाय ठरतो. कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही धरले, तर हिस्सा 0.1 पेक्षाही खाली जातो. आण्णांचा जीव या पंपावर आहे, कारण कारखान्याचे नाव गावोगावी पोहोचले ते याच पंपामुळे. त्यामुळे हा निर्णय भावनेवर किंवा तिच्या विरोधात जाऊ नये, म्हणून दोन कसोट्या आधी लिहून घेतल्या आणि मग आकडे पाहिले.

पहिली कसोटी खर्चाची. पंपसेटच्या किमतीतला मोठा भाग मोटरचा असतो: तांब्याची तार, स्टॅम्पिंग, बेअरिंग. हे सगळे आपण विकत घेतो. देशभर विकणारी कंपनी तेच तांबे आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या सौद्यात घेते. म्हणजे खर्चाची स्पर्धा पाच तालुक्यांत होत नाही. दुसरी कसोटी दराची. गेल्या तीन वर्षांच्या दरपत्रकांत, मोठ्या कंपनीने डीलरची सूट वाढवली की महिना-दीड महिन्यात आपल्यालाही ती वाढवावी लागलेली दिसते. ज्याच्या दराबरोबर आपला दर हलतो, तो आपल्या बाजारातच असतो. त्यामुळे नवा पंप हा मोठ्या बाजारातला डॉग आहे. शिवाय 2019 साली सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेतील सौरपंपांची खरेदी निविदांमधून होते, आणि त्या निविदांच्या अटी आपल्यासारख्या लहान उत्पादकाच्या आवाक्यात नाहीत.

पण दुरुस्ती आणि सुटे भाग यांचे उत्तर वेगळे आले. चिकोडीच्या शेतकऱ्याचा उसाला पाणी देताना पंप जळाला, तर तो पुण्याहून येणाऱ्या इम्पेलरची वाट पाहत नाही; दुसऱ्या दिवशी भाग देणाऱ्याकडे तो जातो आणि दरासाठी फार घासाघीस करत नाही. इथे मोठ्या कंपनीच्या सुटीचा आपल्या दरावर परिणाम झालेला नाही. सुमारे 1.4 कोटींची ही विक्री स्वतंत्र बाजार आहे आणि त्यात पहिला क्रमांक आपला आहे. म्हणून तक्त्यावरचे पंपाचे एक वर्तुळ पुसून दोन काढली: मोठे उजवीकडे खाली, लहान डावीकडे खाली.

13 ऑगस्ट 2025

भट्टीचा हिशेब. या प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा कागद हाच असेल, असे मला वाटते.

महिन्याला सुमारे 190 टन चांगले कास्टिंग निघते: मिलचे भाग 70, यंत्रमाग 50, पंप 30, व्हॉल्व्ह बॉडी 25 आणि झाकणे 15 टन. वीज कंपनी हेस्कॉमच्या बिलातला डिमांड चार्ज, भट्टीवरच्या कामगारांचे पगार, लायनिंग आणि कर्जाचे व्याज मिळून महिन्याला 19 लाख रुपयांचा स्थिर खर्च आहे, म्हणजे टनामागे 10 हजार. हिशेबनीस तो टनावर वाटून देतात, आणि या वाटपानंतर यंत्रमागाचे काम टनामागे 1,000 रुपये तोट्यात दिसते. पहिल्या तक्त्याने त्याला बंद करायला सांगितले आणि नफा-तोट्याच्या पत्रकानेही त्याला दुजोरा दिला.

प्रत्यक्षात यंत्रमागाच्या टनामागे 83 हजार रुपये मिळतात आणि धातू, विजेचे युनिट, वाळू, बाइंडर, फेटलिंगची मजुरी असा केवळ त्या कामामुळे होणारा खर्च 74 हजार आहे. उरलेले 9 हजार रुपये स्थिर खर्चाला हातभार लावतात, महिन्याला 4.5 लाख, वर्षाला 54 लाख. हे काम बंद केले, तर 19 लाखांतला एक रुपयाही कमी होणार नाही. यंत्रमाग आणि झाकणे दोन्ही काढली, तर तेच 19 लाख 125 टनांवर बसतील, टनामागचा भार 15,200 रुपयांवर जाईल आणि मिलच्या भागांवर महिन्याला साडेतीन लाखांहून अधिक जादा बोजा पडेल. मग पुढच्या वर्षीच्या पत्रकात आपली गायच अशक्त दिसू लागेल आणि कोणीतरी तिचाही चारा तोडायला सांगेल.

तरीही 54 लाख हा शेवटचा आकडा नाही. इचलकरंजीची येणी सरासरी 120 दिवसांनी वसूल होतात, म्हणजे 1.64 कोटी रुपये कायम बाहेर अडकलेले असतात आणि 11 टक्क्यांनी त्यांचे व्याज 18 लाख होते. उरतात 36 लाख. ही खरी रोकड आहे आणि ती सोडून देण्याचे कारण एकच असू शकते: त्या जागेवर त्याहून चांगले काम यायला हवे. म्हणून मामांना विचारले की, यंत्रमागाचे 50 टन काढले, तर व्हॉल्व्ह बॉडी वाढतील का. त्यांचे उत्तर स्पष्ट होते. बॉडीचे काम भट्टीने अडत नाही. ते कोअर शॉप आणि तपासणीचे टेबल यांच्यापाशी अडते. ती दोन ठिकाणे वाढेपर्यंत भट्टीत मोकळी झालेली जागा रिकामीच राहील.

14 ऑगस्ट 2025

झाकणांवर फार वेळ घालवला नाही. त्यांचा हातभार वर्षाला 9 लाख आहे. पालिकांकडून पैसे यायला सरासरी नऊ महिने लागतात, त्यामुळे 1.2 कोटी अडकून 13 लाखांचे व्याज होते. शिवाय हे काम डक्टाइल लोखंडाचे असल्याने त्यासाठी भट्टीत भरायचा माल, म्हणजे चार्ज, वेगळा लावावा लागतो आणि भट्टीचा क्रम मोडतो. हातातल्या ऑर्डरी पूर्ण करून काम बंद करायचे. एकाही कोपऱ्यातून या कामाच्या बाजूने आकडा निघाला नाही.

10 सप्टेंबर 2025

गणपतीनंतर पुन्हा कामाला लागलो. आज व्हॉल्व्ह बॉडीला किती पैसा लागेल याचा अंदाज पूर्ण केला.

प्रश्नचिन्हाला पैसे देण्याचा अर्थ त्याला बाजाराबरोबर वाढू देणे एवढाच नसतो. बाजाराच्या वेगाने वाढलो, तर हिस्सा 0.5 च राहतो आणि बाजार थंडावला की सगळी गुंतवणूक डॉगमध्ये अडकते. म्हणून प्रश्न असा मांडला की, पहिल्या क्रमांकाला गाठायला काय लागेल. तो 12 कोटींवर आहे आणि वर्षाला 9 टक्क्यांनी वाढतो असे धरले, तर चार वर्षांनी 17 कोटींच्या जवळ जाईल. आपल्याला 6 कोटींवरून तिथे पोहोचायचे तर दरवर्षी जवळपास 30 टक्के वाढ हवी आणि यंत्रसामग्री व खेळते भांडवल मिळून सुमारे 3.8 कोटी रुपये लागतील. एवढी रोकड आपल्याकडे नाही आणि असली, तरी तपासणी विभाग इतक्या वेगाने माणसे घडवू शकणार नाही.

मग बॉडीचे आकाराप्रमाणे भाग केले. आयएसओ 4401 या मानकाप्रमाणे व्हॉल्व्हचे माउंटिंग ठरलेले असते. त्यातल्या एनजी 6 या लहान आकारात स्पर्धा तीव्र आहे आणि पहिल्या क्रमांकाचे वर्चस्व तिथेच आहे. एनजी 10 मध्ये आपली विक्री 3.6 कोटी आणि त्यांची 4.5 कोटी आहे, म्हणजे सापेक्ष हिस्सा 0.8. तिथे तीन वर्षांत बरोबरी साधायला दरवर्षी 17 ते 18 टक्के वाढ पुरते आणि 1.7 कोटी रुपये लागतात.

बाजार लहान करून हिस्सा मोठा दाखवण्याचा जो मोह पंपाच्या वेळी टाळला, तोच इथे मागच्या दाराने आत येऊ शकतो. म्हणून त्याच दोन कसोट्या पुन्हा लावल्या. खर्चाच्या बाजूने पाहता कोअर बॉक्स, मोल्ड बॉक्स आणि तपासणीची फिक्स्चर आकारानुसार वेगळी आहेत. नापासाचे प्रमाण खाली आले ते मुख्यतः एनजी 10 मध्ये. वाळू, धातू आणि होनिंग मशीन मात्र सामाईक आहेत. दराच्या बाजूने पाहता, गेल्या दोन वर्षांत एनजी 6 चा दर दोनदा पडला, तेव्हा एनजी 10 चा हलला नाही. हद्द पूर्ण बंद नाही, पण पुरेशी स्पष्ट आहे. पंपाच्या बाबतीत दोन्ही कसोट्या स्वच्छपणे विरुद्ध गेल्या होत्या.

22 सप्टेंबर 2025

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न उरला होता. तक्त्याचे सोपे वाचन सांगते की, गाईचे दूध प्रश्नचिन्हाला पाजावे. मिलच्या भागांचा कागदावरचा नफा 1.3 कोटी आहे, पण साखर कारखान्यांकडची येणी वर्षभरात 50 लाखांनी वाढली आहेत, त्यामुळे हाती आलेली रोकड 80 लाखच आहे. तेवढी रक्कम कर्जाच्या हप्त्यांत आणि भट्टीच्या देखभालीत जाते. ज्या गाईच्या दुधावर दुसऱ्याचा दावा आधीच आहे, तिच्या भरवशावर नवी यंत्रे मागवू नयेत, असे मी स्पष्ट लिहिले.

रोकड खऱ्या अर्थाने अडकली आहे ती नव्या पंपात. डीलरकडची उधारी आणि मोटरचा साठा मिळून 2.9 कोटी रुपये तिथे गुंतले आहेत, आणि हातभारातून जोडणी विभागाचे पगार व व्याज वजा केले की वर्षाला जेमतेम 10 लाख उरतात. जोडणी बंद केली, तर जुन्या साठ्यावर द्यावी लागणारी सूट आणि बुडणारी येणी धरूनही दीड वर्षात 1.9 कोटी मोकळे होतील. एनजी 10 ला लागणारे 1.7 कोटी त्यात बसतात.

27 सप्टेंबर 2025

आण्णा, धाकटे मालक, मामा, हिशेबनीस आणि मी अशी बैठक झाली. आण्णांनी सगळे शांतपणे ऐकले आणि एकच प्रश्न विचारला, "ज्यांनी गेल्या वर्षी आपला पंप घेतला, त्यांना उद्या भाग कोण देणार?" हा प्रश्न मला अत्यंत योग्य वाटला, कारण सुट्या भागांचा आपला बाजार ज्या विश्वासावर चालतो, तो पंप बंद करण्याच्या रीतीवरच टिकणार किंवा जाणार आहे. त्यावर असे ठरले की, इम्पेलर, केसिंग आणि शाफ्ट यांचे पॅटर्न जपायचे, भाग ओतणे चालू ठेवायचे, आणि दुरुस्तीची सोय दुसऱ्या छापाच्या पंपांसाठीही खुली करायची. वाइंडिंगच्या कामगारांपैकी काही दुरुस्तीत राहतील आणि बाकीच्यांना व्हॉल्व्हच्या तपासणीचे काम मामा शिकवतील. बारीक हातकामाची सवय असलेली माणसे तिथे लागतातच.

निर्णय असे नोंदवले. व्हॉल्व्ह बॉडीच्या एनजी 10 ला भांडवल द्यायचे; पहिल्या हप्त्यात कोअर शॉप आणि तपासणीचे टेबल, दुसऱ्यात मशीन. एनजी 6 हातातल्या ग्राहकांपुरते चालवायचे, त्यात नवा पैसा घालायचा नाही. मिलच्या भागांत देखभालीपुरता खर्च आणि येणी कमी करण्यावर भर. नवे पंप मार्चअखेर बंद. झाकणे बंद.

यंत्रमागाचे काम तोडायचे नाही, त्याचे उत्पन्न काढून घेत ते हळूहळू आटोपायचे. नवा पॅटर्न करायचा नाही, दर किलोमागे 2 रुपयांनी वाढवायचा आणि 90 दिवसांत पैसे न देणाऱ्याची पुढची ऑर्डर घ्यायची नाही. दर वाढल्याने काही ग्राहक जातील हे गृहीत आहे. सर्वांत उशिरा पैसे देणारे आधी गेले, तर त्यांच्या टनाबरोबर त्यांची उधारीही जाते. आटोपण्याचा वेग भट्टीला बांधला आहे. झाकणांचे 15 आणि पंपाचे 18 टन गेल्यावर भट्टीवर 157 टन उरतील आणि टनामागचा भार 12,100 रुपये होईल. 157 टनांहून खाली जायचे नाही. एनजी 10 चे टन जेवढे वाढतील तेवढेच यंत्रमागाचे टन सोडायचे.

30 सप्टेंबर 2025

पैसे थांबवण्याच्या अटी आज सह्या होऊन फाइलला लागल्या. एनजी 10 चा दुसरा हप्ता आपोआप द्यायचा नाही. सप्टेंबर 2026 च्या आढाव्यात मशीनिंगनंतरचे नापासाचे प्रमाण 5 टक्क्यांच्या खाली आलेले असावे आणि सापेक्ष हिस्सा 0.9 ला पोहोचलेला असावा. विक्री वाढली पण हिस्सा 0.8 च राहिला, तर त्याचा अर्थ स्पर्धकही तेवढ्याच वेगाने वाढतो आहे आणि आपण केवळ बाजाराबरोबर वाहत आहोत. तशा स्थितीत मशीनची ऑर्डर रोखायची. नापास 7 टक्क्यांवरच अडले, तर अनुभव-वक्र आपल्या बाबतीत सपाट झाला असे समजायचे आणि तिथेच थांबायचे. त्या वेळी यंत्रमागाचे उरलेले ग्राहक हातात असतील, याची काळजी भट्टीच्या 157 टनांच्या अटीने घेतलेली आहे. पहिल्या हप्त्याच्या कोअर मशीनची चौकशीपत्रे उद्या पाठवायची आहेत आणि नव्या कोअर बॉक्सचे रेखाचित्र मामा या आठवड्यात तपासून देणार आहेत.